अकरा की एकोणीस?

मागच्या महिन्यात मावशी आवरून, रिक्षा करून गाण्याच्या कार्यक्रमाला गेली आणि बंद सभागृहाच्या दारातून परत आली. कार्यक्रम ११ तारखेला होऊन गेला होता. ती गेली १९ ला. "अगं, एकोणीसच तर लिहिलंय ना त्याच्यावर!" म्हणत तिने मला मोबाइलमधला फोटो दाखवला. शंकरनगर चौकातल्या खांबावरचा फ्लेक्स, तिनेच रस्त्याच्या पलीकडून काढलेला. मीही आधी एकोणीसच वाचलं.

मी अठरा वर्षं डीटीपी करते. मावशीची चूक नव्हती, हे मला इथे नीट मांडायचं आहे.

फ्लेक्स उभा, ४ बाय ६ फुटांचा. फोटो पाहून डोळे मिटले आणि काय आठवतं ते बघितलं: वरचं मोठं घोषवाक्य आणि मधले चौदा चेहरे, निमंत्रक आणि शुभेच्छुकांचे. गाणार कोण, हे तिसऱ्या नंबरवर. तारीख, वेळ आणि स्थळ तळाच्या लाल पट्टीत. ज्याला यायचं आहे त्याला लागणाऱ्या तीन गोष्टी सगळ्यात लहान अक्षरांत.

किती लहान? फोटोवरून अंदाज काढता येतो. फ्लेक्स खालून टिपला की वरचा भाग आखडतो, म्हणून अख्ख्या उंचीशी तुलना करू नये. ज्या ओळीचं माप हवं, त्याच ओळीजवळची फ्लेक्सची रुंदी धरावी. स्क्रीनवर ती १०० मिलिमीटर भरली आणि तारखेचा आकडा अडीच मिलिमीटर, म्हणजे रुंदीचा चाळिसावा भाग. खरी रुंदी ४८ इंच, तेव्हा आकडा साधारण सव्वा इंचाचा. फलक रंगवणाऱ्यांचा जुना ठोकताळा असा, की सहज वाचायला दर दहा फुटांमागे एक इंच उंची हवी. सव्वा इंच म्हणजे बारा-तेरा फूट. सिग्नलला थांबलेली गाडी त्या खांबापासून चाळीस फुटांवर असते. डोळे ताणून त्याहून लांबचंही दिसतं, पण मग १ आणि ९ मधला फरक सांगणारी छोटी वळणंच आधी विरतात.

आणि इथे ती वळणं आधीच बुजवली होती. जाड पिवळे आकडे, त्यांना काळी आउटलाइन. कोरलड्रॉमध्ये आउटलाइन सरळ दिली की ती निम्मी अक्षराच्या आत आणि निम्मी बाहेर जाते. आतली निम्मी रेघ पिवळा भाग खाते, बाहेरची निम्मी आकड्याच्या पोटातली मोकळी जागा. `Behind fill` केलं तर पिवळा भाग वाचतो, पण पोट तरीही बुजतं. त्या गाठीत शेपूट कुठून निघून कुठे वळली हे कळेनासं झालं, की १ चा ९ होतो. स्थळाच्या ओळीत तेच झालंय: ध आणि घ एकच दिसतात.

शिवाय ओळ पट्टीत बसेना म्हणून अक्षरं आडवी दाबली आहेत. दाबली की उभ्या रेघा बारीक होतात, शिरोरेषा मात्र तेवढीच जाड राहते. मग डोळ्यांना अक्षरांऐवजी एक आडवा पट्टा दिसतो. ओळींतलं अंतरही इंग्रजी मजकुराच्या हिशेबाने ठेवलंय, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांवर आदळतात. आपल्या लिपीत मात्रा वरही लागतात आणि खालीही, तिला अक्षराच्या आकाराच्या जवळजवळ दीडपट अंतर द्यायला हवं.

ऐनवेळी चार नावं वाढतात आणि फ्लेक्सवाल्याला तासाभरात छापून द्यायचं असतं, हे मी रोज बघते. पण जागा कमी पडली की आकसते ती तारीखच, आणि याचा मला मनापासून राग येतो. नावं आकसली तर कुणी सभागृहाच्या दारातून परत जात नाही.

मी तोच मजकूर पुन्हा मांडला. वर गायिकेचं नाव आणि लगेच खाली तारीख, चार इंचांची. गडद निळ्यावर पांढरी, आउटलाइन नाही. तारखेआधी वार. वार मूळ फ्लेक्सवर नव्हताच. ११ ला शनिवार होता आणि १९ ला रविवार, तेवढ्यानेही मावशीला शंका आली असती. चौदा चेहरे काढले नाहीत, तळाशी एका ओळीत लहान करून ठेवले.

मग दोन्ही मांडण्या एक-अष्टमांश मापात छापल्या, ६ बाय ९ इंच. माप आठपट कमी, तर अंतरही आठपट कमी, म्हणजे चाळीस फुटांऐवजी पाच. मावशीला भिंतीपासून पाच फुटांवर उभं केलं. जुन्या कागदावर ती पुन्हा "एकोणीस" म्हणाली, मग पुढे सरकून "नाही गं, अकरा वाटतं." नव्यावर जागेवरूनच म्हणाली, "शनिवार, अकरा."