खवट चटणी आणि हार्दिक स्वागत

शेंगाचटणी खवट निघाली म्हणून दुकानाच्या नंबरावर व्हॉट्सॲप केलं, 'नमस्कार, तुमच्याकडची चटणी खवट लागतेय, बदलून द्याल का?' लगेच उत्तर आलं, 'नमस्कार! आमच्या परिवारात आपलं हार्दिक स्वागत! आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत.' पुढं जोडलेले हात आणि फुलं.

कसलं प्रेम? घशात जळजळत होतं मला.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये स्वागताचा मजकूर एकदा भरून ठेवला की पहिल्यांदाच लिहिणाऱ्याला, किंवा 14 दिवस गप्प राहून पुन्हा लिहिणाऱ्याला तो आपोआप जातो. समोरच्यानं काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. नुसतं 'नमस्कार' टाकणाऱ्याला तेवढं चालतं. त्यात दुकानाची वेळ आणि 'काय पाहिजे ते लिहून ठेवा' एवढं असलं, तर पुष्कळच झालं. पण आपल्याकडं भांडायलासुद्धा माणूस नमस्कारानंच सुरुवात करतो. त्या नमस्कारापुढं स्वल्पविराम दिसला, की मालकानं स्वतः फोन हातात घ्यायचा असतो.

हेच सुनावायला भर उन्हात नवी पेठेत गेलो. मालक जेवायला गेलेले. दारात खुर्ची टाकून एक काका बसलेले, दुकानाशी त्यांचा संबंध काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. माझी तक्रार त्यांनीच ऐकून घेतली.

"नमस्काराला कोण विचार करून उत्तर देतंय ओ?" काका म्हणाले. "आता बघा."

समोरून स्कूटरवाला गेला. "काय काका, बरं आहे का?"

"एकदम मस्त!" काका त्याच्याकडं न बघताच म्हणाले. तोवर तो वळणावर पोचला होता.

"ऐकलं का त्यानं? नाही. बिघडलं का काही? नाही."

मग दुसरा आला. त्यानं गाडी थांबवली, पाय टेकला, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "काका, काकूंच्या गुडघ्याचं काय झालं?"

काका ताडकन उभे राहिले. एक्स-रे, डॉक्टर बदलला तो, पट्टा बांधला तो, जिना चढताना काकू कुठल्या पायरीवर थांबतात ती पायरी, सगळं आलं. सुनेचाही विषय निघाला. मी पाकीट हातात धरून उभा.

"याला 'मस्त' का नाही म्हणालात?" मी विचारलं.

"त्यानं गाडी बंद केली की!" काका माझ्यावरच चिडले. "वर गुडघा विचारला. गुडघ्याला 'मस्त' म्हणतात काय?"

मग खवट चटणीला 'स्वागत' म्हणतात काय, हे माझ्या ओठावर होतं, पण तेवढ्यात मालक आले. पाकीट हुंगलं, तोंड वाकडं केलं, म्हणाले, "उन्हाळ्यात तेल उतरतं साहेब, शेंगदाण्याचं असंच असतं." मार्केट यार्डापर्यंतची महागाई ऐकवून झाल्यावर फळीवरचं दुसरं पाकीट हातात दिलं. स्वागताचा मजकूर बदला म्हटलं, तर म्हणाले, भाच्यानं बसवलाय, तो पुण्याला असतो.

घरी येऊन बघितलं. नव्या पाकिटावर पॅकिंगची तारीख तीच.