धन्यवाद कुठे लावू, वहिनी?

वहिनीच्या वाळवणाची वेबसाईट मी बनवली ही माझी पहिली चूक, आणि ऑर्डर झाल्यावर जे पान उघडते ते मी 'मनापासून' लिहिलं ही दुसरी. वर सोनेरी अक्षरात भलंमोठं 'धन्यवाद!!', खाली कुरडयांचा फोटो, त्याखाली उन्हाळ्यावर माझी चार ओळींची कविता. ऑर्डर नंबरसुद्धा होता हो, पण मोबाईलवर दोनदा बोट घासलं की मग दिसायचा.

नवतपा सुरू, कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि रविवारी दुपारी वर्ध्याच्या एका आजोबांचा फोन. "अहो, माही ऑर्डर झाली का नाही?" पाहतो तर एक नाही, तीन ऑर्डरी. शनिवारी रात्री दहाला त्यांनी बटण दाबलं, समोर कविता आली, त्यांना वाटलं ही जाहिरात आहे, म्हणून मागे जाऊन परत दाबलं, परत कविता, परत दाबलं. कॅश ऑन डिलिव्हरी असल्यामुळे पैसे कापले गेल्याचा मेसेजही नाही, मग माणसाने समजायचं कशावरून? शिवाय मी लिहून ठेवलेलं '24 तासांत डिस्पॅच', म्हणून सकाळपासून ते दारात बसलेले. रविवारी कुरियरवाला येतच नाही हे मला माहीत, आजोबांना कोण सांगणार?

वहिनी म्हणाली, "भाऊजी, तीन किलो कुरडया एका म्हाताऱ्या माणसाला पाठवायच्या का आता?"

दोन जास्तीच्या ऑर्डरी रद्द केल्या आणि पान उघडून बसलो. कविता पहिल्यांदा उडवली (बॅकअप ठेवलाय). मग 'धन्यवाद' सरकवलं, कारण बटण दाबल्यावर माणसाला आधी झालं की नाही हे कळायला पाहिजे, आभार त्याला नंतर चालतात. आजोबांचीच ऑर्डर समोर ठेवून असं लिहिलं: 'ऑर्डर झाली. नंबर 1047. कुरडया 1 किलो, सरगुंडे अर्धा किलो. 640 रुपये, पार्सल आल्यावर द्यायचे.' स्क्रोल न करता हे सगळं दिसलं पाहिजे म्हणून फोटो खाली ढकलला.

मग तारखेची गोष्ट. '3 ते 5 दिवस' लिहिलं की गिऱ्हाईक ऑर्डरपासून मोजते आणि आपण पार्सल निघाल्यापासून मोजतो, भांडण तिथेच सुरू. म्हणून सरळ वार लिहिला, 'सोमवारी निघेल, गुरुवारपर्यंत पोचेल, निघालं की मोबाईलवर ट्रॅकिंगची लिंक येईल.' रविवार वगळून वार काढायला कोडमध्ये थोडी मारामारी करावी लागली, पण दुपारच्या झोपेत फोन घेण्यापेक्षा ते बरं. आणि यूपीआयचे पैसे अडकले असतील तर हे पान दाखवायचंच नाही, तिथे वेगळं: 'पैसे आले की नाही ते अजून कळायचं आहे. परत भरू नका, कळलं की मेसेज करतो.' आधी या दोन्ही गोष्टींसाठी एकच 'धन्यवाद' होतं, म्हणजे पैसे न येताच आपण आभार मानून राहिलो होतो!

आता खालची बटणं. घरच्यांनी पाच सुचवलेली. रिव्ह्यू द्या (अजून खाल्लं कुठे त्याने?), इन्स्टाला फॉलो करा, ग्रुपमध्ये या, मित्राला पाठवा, आणि पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट. ती सूट तर सगळ्यात वाईट, आत्ताच पूर्ण पैसे मोजलेल्या माणसाला वाटते की बाप्पा, आपण घाई केली.

शेवटी वहिनीच्या कपाटावरच्या परत आलेल्या पार्सलांकडे पाहिलं. निम्म्याहून जास्त पत्त्यांवर 'हनुमान मंदिराजवळ' एवढंच. महाराष्ट्रात हनुमान मंदिर नसलेली गल्ली दाखवा मला. म्हणून बटण एकच ठेवलं: 'पत्ता आणि पिनकोड एकदा पाहून घ्या. सोमवारी दुपारी 3 पर्यंत बदलता येईल.' तीनला आपण लेबल चिकटवतो, चारला कुरियरवाला येतो, त्यानंतर देवाच्याही हातात नाही. वेळ लिहिली नाही तर लोक मंगळवारी पत्ता बदलतात आणि पार्सल तोवर बुटीबोरीच्या पुढे.

स्वतःच्या फोनवरून अर्धा किलो मूगवड्या मागवून पाहिल्या, आईच्या फोनवरून परत, तिचे अक्षर मोठे ठेवलेले असतात त्यामुळे तिथे बटण खाली घसरलं, ते नीट केलं. त्या आठवड्यात 'ऑर्डर झाली का' विचारणारा एकही फोन नाही. मी कूलरसमोर पाय पसरले.

शुक्रवारी आला. अकोल्याच्या एक काकू होत्या.

"ऑर्डर झाली, नंबर दिसला, कधी येईल तेही समजलं. पण काऊन हो, साधं धन्यवादही नाही म्हणत तुम्ही लोक?"

सरकवता सरकवता पूर्णच उडालं होतं ते. आता बटणाच्या खाली लहान अक्षरात आहे. वहिनीला सांगितलं नाही, पण कवितेची एक ओळ बसेल एवढी जागा आहे तिथे.