काम दिलं म्हणून उत्तर द्यायचं सुटत नाही

"अधिकार प्रदानावरचे सगळे प्रश्न एका ओळीत सुटतात. अधिकार आणि जबाबदारी खाली देता येते, उत्तरदायित्व देता येत नाही. पर्यायात जबाबदारी दिसली की ती खोडायची. ज्याला काम दिलं त्याच्याकडे जबाबदारी गेली, म्हणजे चूक झाली तर उत्तरही त्यानेच द्यायचं. आणि अधिकार एकदा दिला की तो वरच्याकडे उरत नाही."

व्यवस्थापनाची परीक्षा जवळ आली की अधिकार प्रदानावरचा, म्हणजे काम आणि त्यासाठीचा अधिकार हाताखालच्याकडे सोपवण्यावरचा, हा मजकूर माझ्याकडे चार-पाच विद्यार्थ्यांकडून हमखास येतो. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण यातलं दुसरं वाक्य सोडलं तर बाकी प्रत्येक वाक्याने मुलांचे गुण गेलेले मी पाहिले आहेत. दुसरं वाक्य एका मांडणीत बरोबर आहे, म्हणून तर बाकीचा मजकूर खरा वाटतो.

सुरुवात चौथ्या वाक्यापासून करतो, कारण मुळातली गफलत तिथे आहे. उत्तरदायित्व खाली देता येत नाही असं म्हणायचं आणि लगेच उत्तर खालच्याने द्यायचं असंही म्हणायचं, हे दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. नेमकं काय होतं ते एका गोदामात पाहू.

कारखाना व्यवस्थापक गोदामप्रमुखाला सांगतो, महिनाअखेरपर्यंत मालाची मोजणी करून आकडा द्या. गोदामप्रमुख ते काम सहायकाकडे देतो. सोबत किल्ल्या देतो, दोन मदतनीस देतो, आवक-जावक नोंदवही पाहायची मुभा देतो. नोंदवहीप्रमाणे माल 1,200 खोकी हवा. सहायक मोजतो, 1,140 भरतात. गोदामप्रमुख आकडा तसाच वर पाठवतो. खरेदी विभाग कमी पडलेली 60 खोकी मागवतो. माल आल्यावर तो ठेवायला मागची मांडणी रिकामी करायला घेतात, तर तिथे जुनी 60 खोकी तशीच असतात. सहायकाने ती मांडणी मोजलीच नव्हती.

कारखाना व्यवस्थापक कोणाला बोलावेल? गोदामप्रमुखाला. "मोजणी सहायकाने केली होती" हे तिथे उत्तर म्हणून चालत नाही, कारण व्यवस्थापकाने सहायकाला काहीच सांगितलं नव्हतं. त्याने आकडा गोदामप्रमुखाकडे मागितला होता आणि गोदामप्रमुखाने तो देण्याचं कबूल केलं होतं. त्याचा प्रश्न सरळ असेल: "60 खोक्यांचा फरक दिसल्यावर फेरमोजणी का केली नाही?" हा प्रश्न सहायकाला विचारण्यासारखा नाहीच. फरक पाहून आकडा वर पाठवायचा की थांबायचं, हा निर्णय गोदामप्रमुखाचा होता.

मग सहायक मोकळा सुटला का? नाही. त्याने काम गोदामप्रमुखाकडून घेतलं, म्हणून गोदामप्रमुख त्याला विचारणार: "मागची मांडणी का राहिली?" इथे प्रश्न दोन आहेत, विचारणारे दोन आहेत आणि उत्तरं देणारेही दोन. काम सोपवण्याआधी उत्तर द्यायचं नातं एकच होतं, गोदामप्रमुख आणि व्यवस्थापक यांच्यातलं. सोपवल्यावर खाली एक नवं नातं तयार झालं, पण आधीचं तसूभरही कमी झालं नाही. सहायकाने पुढे ते काम एका मदतनिसाला दिलं असतं तर तिसरं नातं तयार झालं असतं आणि आधीची दोन्ही तशीच राहिली असती.

वर्गात हे मी उसन्या पैशांवरून सांगतो. मी तुमच्याकडून पैसे उसने घेतले आणि त्यातले काही तिसऱ्याला दिले. त्याने बुडवले तर तो माझं देणं लागतो, आणि मी तुमचं. त्याला पैसे दिल्याने तुमच्या-माझ्यातला व्यवहार मिटत नाही. उत्तरदायित्व असंच दोघांमधलं असतं. त्यातला एक जण परस्पर ते तिसऱ्याच्या गळ्यात घालू शकत नाही. ते देता येत नाही याचं खरं कारण हे आहे.

हे कारण नीट कळलेलं नसलं की विधान-कारण प्रकारचा प्रश्न हमखास चुकतो. एक नमुना पाहा. विधान: उत्तरदायित्व प्रदान करता येत नाही. कारण: अधिकार वरून खाली जातो. दोन्ही वाक्यं खरी आहेत, म्हणून मुलं "दोन्ही बरोबर आणि कारण हे विधानाचं योग्य स्पष्टीकरण" यावर खूण करतात. अधिकाराची दिशा सांगितल्याने उत्तरदायित्व का देता येत नाही हे कळत नाही. बरोबर पर्याय आहे: दोन्ही खरी, पण कारण हे स्पष्टीकरण नाही. कारणाच्या जागी "अधिकार स्वीकारणारा आपल्या वरिष्ठाला बांधील असतो आणि पुढे काम दिल्याने ती बांधिलकी संपत नाही" असं असतं तर उत्तर बदललं असतं.

आता तिसरं वाक्य, पर्याय खोडायचं. यात सर्वांत जास्त नुकसान होतं आणि इथे विद्यार्थ्यांचा दोष फार थोडा आहे. जबाबदारी हा शब्द व्यवस्थापनाच्या पुस्तकांमध्येच दोन अर्थांनी येतो.

एका अर्थाने जबाबदारी म्हणजे नेमून दिलेलं काम, कर्तव्य. "मोजणीची जबाबदारी तुझ्याकडे" असं आपण म्हणतो तेव्हा हाच अर्थ असतो. लुई ॲलन यांच्या मांडणीत हा अर्थ दिसतो. तिथे काम खाली देता येतं, अधिकार खाली देता येतो आणि उत्तरदायित्व मात्र वेगळं काढून ते देता येत नाही असं सांगितलेलं असतं. व्हायरल ओळ याच मांडणीतून उचललेली आहे.

दुसऱ्या अर्थाने जबाबदारी म्हणजे काम पार पाडण्याची बांधिलकी. कून्ट्झ आणि ओ'डॉनेल यांनी जबाबदारीच्या निरपेक्षतेचं तत्त्व मांडलं ते या अर्थाने: वरिष्ठाने अधिकार दिला तरी त्याची जबाबदारी कमी होत नाही. या मांडणीत "जबाबदारी प्रदान करता येत नाही" हेच बरोबर वाक्य आहे. त्याआधी 1916 मध्ये हेन्री फेयॉल यांनी अधिकार आणि जबाबदारी एकाच तत्त्वात जोडून ठेवल्या होत्या. जिथे अधिकार वापरला जातो तिथे जबाबदारी येतेच, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून प्रश्नाचे पर्याय वाचल्याशिवाय हात पुढे करायचा नाही. "खालीलपैकी काय प्रदान करता येत नाही?" या प्रश्नाला पर्याय अधिकार, काम, जबाबदारी आणि निर्णय घेण्याची मुभा असे असतील, तर उत्तर जबाबदारी. तिथे उत्तरदायित्व हा शब्दच नाही, म्हणजे प्रश्न काढणाऱ्याने दुसरा अर्थ घेतला आहे आणि काम हा वेगळा पर्याय देऊन ते स्पष्टही केलं आहे. पर्याय अधिकार, जबाबदारी, उत्तरदायित्व आणि वरीलपैकी सर्व असे असतील, तर उत्तर उत्तरदायित्व, कारण तिन्ही शब्द शेजारी ठेवले की जबाबदारीला पहिला अर्थ आपोआप येतो. मागच्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने सराव परीक्षेत पहिल्या प्रकारचा प्रश्न पाहिला, जबाबदारी खोडली आणि उरलेल्या तीन पर्यायांमध्ये अडकली. उत्तरपत्रिकेत तिने आधी "निर्णय", मग "काम", मग पुन्हा "निर्णय" अशी तीनदा खाडाखोड केली होती. विषय तिला येत होता. पाठ केलेल्या ओळीने तिला बरोबर पर्यायापासून दूर नेलं.

एका शब्दाकडे खास लक्ष द्या: "पूर्णपणे". "जबाबदारी पूर्णपणे प्रदान करता येत नाही" हे वाक्य दोन्ही मांडणींत खरं ठरतं. काम खाली गेलं तरी त्यावर नजर ठेवायची जबाबदारी वरच्याकडे उरतेच. चूक की बरोबर या प्रकारात हे वाक्य आलं तर बिनधास्त बरोबर लिहा.

शेवटचं वाक्य अधिकाराबद्दलचं, त्यावर फार बोलायची गरज नाही. दिलेला अधिकार वरिष्ठ कमी करू शकतो, बदलू शकतो, परत घेऊ शकतो. गोदामप्रमुखाने किल्ल्या दिल्या म्हणून गोदामावरचा त्याचा अधिकार गेला नाही. उद्या तो किल्ल्या परत मागू शकतो, स्वतः मोजणीला उभा राहू शकतो. स्वतःकडचा सगळाच्या सगळा अधिकार कोणी देऊन टाकला तर ते अधिकार प्रदान राहत नाही, त्याने आपलं पदच सोडल्यासारखं होतं. "अधिकार कायमचा हस्तांतरित होतो" असा पर्याय दिसला तर तो चूक.

या मजकुरात एक गोष्ट मुळीच आलेली नाही, आणि अलीकडे प्रसंग देऊन विचारलेले प्रश्न बहुतेक तिच्यावरच असतात. ती म्हणजे अधिकार आणि जबाबदारी यांचं समप्रमाण. गोदामाचाच प्रसंग थोडा बदलू. मागची मांडणी एका कुलूपबंद खोलीत आहे. सहायकाने किल्ली मागितली, गोदामप्रमुख "नंतर देतो" म्हणाला आणि दिली नाही. सहायकाने अहवालात लिहिलं, "मागची खोली मोजलेली नाही, किल्ली मिळाली नाही." आता 60 खोक्यांबद्दल सहायकाला काय विचारणार? त्याने मर्यादा कळवली होती, आणि जे करायचा अधिकारच दिला नव्हता त्याबद्दल त्याला धरता येत नाही. गोदामप्रमुखाचं उत्तरदायित्व मात्र तेवढंच राहिलं आणि वर आणखी एक प्रश्न आला: काम दिलं, तर अधिकार का दिला नाही?

पहिल्या प्रसंगात किल्ल्या हातात असून मांडणी राहिली, तिथे सहायक गोदामप्रमुखाला उत्तर द्यायला बांधील आहे. दुसऱ्यात नाही. दोन्ही प्रसंगांत "कारखाना व्यवस्थापकाला उत्तर कोणी द्यायचं?" असं विचारलं, तर उत्तर गोदामप्रमुखच. म्हणून असा प्रश्न सोडवताना आधी बघायचं की उत्तर कोणाला द्यायचं असं विचारलं आहे, आणि मग त्याने काम कोणाला दिलं होतं ते शोधायचं. साखळीत त्याच्या लगेच खाली जो आहे, त्याचंच नाव बरोबर. प्रत्यक्ष हाताने चूक कोणी केली हे प्रसंगात ठळकपणे लिहिलेलं असतं आणि त्याच नावाचा पर्याय बहुधा पहिला असतो. घाईत त्यावर खूण होते. प्रसंग पुन्हा वाचा आणि "सोपवलं", "दिलं", "सांगितलं" या क्रियापदांचा कर्ता कोण आहे ते पेन्सिलीने अधोरेखित करा.