खुलासा: टायर आतून झिजला म्हणजे कॅस्टर गेला, असं नाही

“टायर आतल्या बाजूने झिजला म्हणजे कॅस्टर आऊट. कॅस्टर सेट करून घ्या, टायर वाचेल.”

सोलापुरातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. मी अलाइनमेंटचंच काम करतो, म्हणून लिहितोय.

कॅस्टर म्हणजे सायकलच्या फोर्कसारखा, बाजूने दिसणारा कल. तो बिघडला तर गाडी एका बाजूला ओढते किंवा स्टिअरिंग नीट परत येत नाही. टायर सहसा झिजत नाही. आतली कड खाणारे दोघे वेगळे आहेत. समोरून पाहिल्यावर चाकाचा माथा आत झुकलेला दिसतो, तो निगेटिव्ह कॅम्बर. वरून पाहिल्यावर चाकांची तोंडं बाहेर फाकलेली असतात, तो टो-आऊट. उलट कलले तर दोन्ही बाहेरची कड खातात.

ओळखायचं कसं? ट्रेडवर आडवा तळहात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखं लागलं तर टो. दोन्हीकडून गुळगुळीत, पण एकच कड उतरलेली, तर बहुधा कॅम्बर.

परवाच आलेल्या गाडीत फक्त डावा पुढचा टायर आतून गुळगुळीत झिजला होता. टो बरोबर होता. डावा कॅम्बर उणे दोन अंश, उजवा उणे अर्धा. खड्ड्यात आपटून स्ट्रट वाकला होता. तो बदलला, मग टो पुन्हा जुळवला. बऱ्याच छोट्या गाड्यांत कॅस्टर जुळवायची सोयच नसते, मग पैसे कशाचे देणार?

दोन्ही कडा सारख्या झिजल्या असतील तर आधी हवा तपासा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.