‘तुम्ही’ला हिंदीत ‘तुम’ का चालत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: “लेख वाचला, पटला नाही. ‘तुम’ म्हणजे ‘तुम्ही’च. शब्दाला शब्द ठेवला तर अपमान येतो कुठून? अंबडच्या कंपनीत माझी सगळी नोकरी यूपी-बिहारच्या लोकांबरोबर गेली. सगळ्यांशी ‘तुम’च बोललो, एकानेही तोंड वाकडं केलं नाही. मनात आदर असला की झालं. उगाच मराठी माणसाला उद्धट ठरवू नका.”

उत्तर: नमस्कार. हिंदी बोलताना मोठ्या माणसाला ‘तुम’ म्हटलं की ते अपमानासारखं ऐकू येतं, असं मी त्या लेखात म्हटलं होतं. तुमचं शेवटचं वाक्य मनाला लागलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाशिकच्या २०१५च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात तपोवनातल्या साधुग्राममध्ये मी पाहिलेला प्रसंग घ्या. पंचवटीतला एक तरुण स्वयंसेवक एका वयोवृद्ध महंतांना हात जोडून म्हणाला, “महाराज, तुम इधर बैठो, चाय लो.” त्याच्या मनातलं वाक्य अगदी स्वच्छ होतं: “महाराज, तुम्ही इकडे बसा, चहा घ्या.” मराठीत यापेक्षा अदबीनं बोलायची गरजच नसते. महंत काही बोलले नाहीत, पण शेजारचा शिष्य उसळला. “किससे बात कर रहे हो?” एवढंच म्हणाला. मुलगा गोंधळून उभा राहिला. आपलं काय चुकलं, ते त्याला कळेना.

मराठीत रोजच्या बोलण्यात दोनच पायऱ्या आहेत: ‘तू’ आणि ‘तुम्ही’. आईला तू, मित्राला तू. सासरे, मास्तर, अनोळखी माणूस, सगळ्यांना तुम्ही. हिंदीत तीन आहेत: तू, तुम, आप. मोठ्यांसाठी आणि अनोळखी माणसासाठी ‘आप’. ‘तुम’ बरोबरीच्या किंवा लहान माणसासाठी. आपला ‘तुम्ही’ वरच्या पायरीवर उभा आहे, हिंदीतला ‘तुम’ मधल्या. महंतांना ‘तुम’ म्हणणं म्हणजे त्यांच्या कानांनी ऐकलं तर मराठीत कुणी आजोबांना “अरे, बस इकडे” म्हणावं, जवळपास तेवढं.

आता तुमचा मुद्दा, की शब्द तर एकच आहे. मुळात खरंच एक आहे. दोन्ही प्राकृतातल्या ‘तुम्हे’वरून आले, आणि तो अनेकवचनी शब्द होता. एका माणसाला अनेकवचनानं हाक मारणं हाच आदर, म्हणून दोन्हीकडे तो वर चढला. पुढे हिंदीत ‘आप’ त्याच्याही वर जाऊन बसला आणि ‘तुम’ खाली सरकला. ‘आप’ आणि आपला ‘आपण’ हे दोन्ही ‘आत्मन्’चे वंशज. पण मराठीत ‘आपण’ला दुसरंच मोठं काम होतं, ‘आपण सगळे’ म्हणण्याचं. समोरच्यासाठी तो निमंत्रणपत्रिकेत आणि भाषणात तेवढा येतो. मला वाटतं, म्हणूनच ‘तुम्ही’ची जागा शाबूत राहिली. गुजरातीतही तसंच दिसतं. सुरगाण्यापलीकडे गेलात आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाला “तमे बेसो” म्हणालात, तर कुणाला खटकत नाही.

क्रियापदही तितकंच घात करतं. मराठीतलं ‘बसा’, ‘घ्या’, ‘या’ हे आदराचं रूप. हिंदीत आपण त्याला ‘बैठो’, ‘लो’, ‘आओ’ करतो आणि ती ‘तुम’ची रूपं आहेत. आदराला ‘बैठिए’, ‘लीजिए’, ‘आइए’ लागतं. त्यामुळे ‘तुम’ हा शब्द वगळून नुसतं “महाराज, बैठो” म्हटलं तरी पायरी चुकते, आणि पुढे ‘जी’ जोडून ती भरून निघत नाही.

मग तुमच्यावर कुणी का रागावलं नाही? कंपनीत तुम्ही बहुधा बरोबरीच्या किंवा लहान सहकाऱ्यांशी बोलत होतात. तिथे ‘तुम’ बरोबरच आहे. शिवाय नाशिक-मुंबईकडे वर्षानुवर्षं राहिलेली उत्तरेकडची माणसं आपली हिंदी ओळखतात आणि सोडून देतात. सोडून देणं म्हणजे न खटकणं नव्हे. ओळखायचं असेल तर उत्तर ऐका. तुम्ही ‘तुम’ म्हणत असताना समोरचा वयानं मोठा माणूस तुम्हाला ठळकपणे ‘आप’ म्हणत राहिला, किंवा आधी ‘आप’ म्हणणारा अचानक ‘तुम’वर उतरला, तर त्याला लागलं आहे. मराठीत आपण याला ‘एकेरीवर येणं’ म्हणतो. तिकडे ‘तू-तड़ाक’ असा शब्द आहे, पण त्याच्या अलीकडे ‘तुम’चीही एक पायरी आहे, जी आपल्या कानाला ऐकू येत नाही.

मनातल्या आदराबद्दल तुम्ही म्हणता ते मी मानतो. त्या मुलाच्या मनात तो भरपूर होता. पण ऐकणाऱ्याला मन दिसत नाही, आधी सर्वनाम ऐकू येतं. पुढचा सिंहस्थ २०२७मध्ये आहे. तेव्हा साधुग्राममध्ये काम करणाऱ्यांना मी एवढंच सांगेन: “आप इधर बैठिए, चाय लीजिए.” सवयीनं “आप बैठो” निघालं तरी निभावतं; व्याकरण थोडं घसरतं, पण ‘आप’ ऐकल्यावर सहसा कुणी अपमान धरत नाही. ‘आप’ सुटला की मात्र ‘बैठो’ उघडं पडतं.