नारळ केव्हा वाढवतात आणि केव्हा नाही

“देवापुढे नारळ फोडणे म्हणजे मुळात नरबळीच आहे. आदि शंकराचार्यांनी माणसाच्या डोक्याऐवजी नारळ द्यायला लावला, म्हणून त्याला शेंडी, डोळे आणि कवटी असते. कवटी म्हणजे अहंकार; तो फुटल्याशिवाय पूजा पूर्ण होत नाही. बायकांनी नारळ फोडला तर गर्भाला धोका असतो. आणि नारळ नासका निघाला तर देव कोपला असे समजावे. मुलांना हे जरूर सांगा.”

असा एक निरोप फिरत असतो. मुलांना हे सांगायचेच असेल, तर त्यांच्या वयाला साजेल असा पुरावाही सोबत द्यायला हवा. दहावी-अकरावीतली मुले “कशावरून?” असे विचारतात आणि त्यांनी ते विचारलेच पाहिजे. म्हणून एकेक विधान तपासून पाहू.

शंकराचार्यांपासून सुरुवात करू. त्यांच्या परंपरागत चरित्रांत नरबळीचा एक प्रसंग खरोखरच येतो. माधवीय शंकरदिग्विजयात कवटी बाळगणाऱ्या उग्र शैव पंथातला एक कापालिक आचार्यांकडे त्यांचे मस्तकच मागतो. ते द्यायला तयार होतात, आणि ऐन वेळी नृसिंहाचा संचार झालेला त्यांचा शिष्य पद्मपाद त्या कापालिकाला ठार करतो. डोक्याऐवजी नारळ देण्याची प्रथा आचार्यांनी सुरू केली असती, तर ती सांगायला याहून योग्य जागा चरित्रकाराला मिळाली नसती. त्या प्रसंगात नारळ कुठेही नाही. शेंडी आणि डोळे यांवरून प्रथेचा उगम ठरवणे तर आणखी कच्चे आहे. नारळात चेहरा दिसतो हे खरे. पोर्तुगीज खलाशांनाही तो दिसला आणि लहान मुलांना भीती घालायच्या बागुलबुवाचे ‘कोको’ हे नाव त्यांनी या फळाला दिले. पण साम्य दिसते एवढ्यावरून इतिहास सिद्ध होत नाही.

तरीही या विधानात सत्याचा एक कण आहे आणि तो टाकून देणे अन्यायाचे होईल. बळीऐवजी दुसरी वस्तू देण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात अशी कथा आहे की यज्ञाला योग्य असलेले सत्त्व माणसातून घोड्यात, घोड्यातून बैलात, मग मेंढ्यात, बकऱ्यात आणि शेवटी जमिनीत गेले, तिथे त्याचे तांदूळ झाले, आणि म्हणून तांदळाचा पुरोडाश, म्हणजे यज्ञात अर्पण करायची पिठाची भाकरी, हाच पशूच्या जागी उभा राहतो. कालिकापुराणात कोहळा आणि ऊस यांना बकऱ्याच्या बळीइतकेच तृप्ती देणारे म्हटले आहे. नवरात्रात काही घरांत कुंकू लावून कोहळा कापतात, ती याच विचाराची खूण आहे. कोकणातल्या काही देवस्थानांत कोंबड्याच्या जागी नारळ देतात, तोही याच वाटेने आलेला. म्हणजे काही ठिकाणी नारळ हा बळीचा पर्याय आहे, पण पर्याय बहुधा कोंबड्याचा किंवा बकऱ्याचा. त्यावरून सत्यनारायणाच्या पूजेतला, नव्या गाडीपुढचा आणि नाटकाच्या शुभारंभाचा प्रत्येक नारळ म्हणजे माणसाचे डोके, असे ठरवता येत नाही.

नारळाशी आपला संबंध बळीपुरता असता, तर जुन्या नोंदींत तो त्याच रूपात दिसला असता. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी केलेल्या दानांत त्याने कापूर आहारातल्या, म्हणजे त्या काळच्या कापूर जिल्ह्यातल्या, चिखलपद्र गावची नारळाची ८००० झाडे नोंदवली आहेत. या लेखावरून नारळ कसा फोडत असत ते कळत नाही. मात्र आपल्या भागात नारळ हे धन होते आणि धर्मकार्याला द्यावे इतक्या मोलाचे होते, एवढे त्यावरून नक्की कळते.

आता कवटी आणि अहंकार. हा अर्थ खोटा आहे असे मी म्हणणार नाही. प्रतीकाला अर्थ माणसे देतात, आणि कठीण कवच फुटल्यावर आत शुभ्र गर सापडतो हे दृश्य प्रवचनकाराला मोह पाडणारेच आहे. माझा आक्षेप “फुटल्याशिवाय पूजा पूर्ण होत नाही” या वाक्याला आहे, कारण आपल्याच घरातले विधी ते खोडून काढतात. कलशावर ठेवलेला नारळ पूजा चालू असेपर्यंत अखंड राहतो. देवीची किंवा सवाष्णीची ओटी भरतात तेव्हा खण आणि तांदळाबरोबर नारळ अख्खाच जातो. श्रावणी पौर्णिमेला कोळी बांधव दर्याला नारळ अर्पण करतात तोही सबंध, बऱ्याचदा सोनेरी कागदात गुंडाळलेला. या तिन्ही ठिकाणी नारळ फोडला तर काहीतरी चुकले असे वाटेल. मग इथे अहंकार कुणाचा तसाच राहिला?

म्हणून “नारळ का फोडतात” या प्रश्नाआधी “तो केव्हा फोडतात आणि केव्हा नाही” हे विचारावे, म्हणजे अर्थ आपोआप हाती येतो. जिथे भरलेपण, संतती, समृद्धी मागायची असते, तिथे तो अखंड राहतो, कारण तो एक संपूर्ण बीज आहे: आत पाणी, अन्न आणि गर्भांकुर, वर टणक करवंटी, तिच्यावर काथ्या. जिथे देवाला नैवेद्य दाखवून सगळ्यांनी वाटून खायचे असते, तिथे तो उघडतात. नैवेद्य उष्टा नसावा हा आपला साधा नियम आहे. केळे सोलताना, दूध तापवताना माणसाचा हात लागतोच. नारळाच्या आतले पाणी आणि खोबरे मात्र देवापुढे उघडेपर्यंत कुणीही हाताळलेले नसते. माझ्या मते फोडण्याचा सर्वांत सरळ अर्थ हाच आहे, आणि त्यासाठी कवटीची उपमा लागत नाही.

मराठी भाषेनेही हा अर्थ जपला आहे. जुनी माणसे देवापुढे नारळ ‘फोडला’ असे म्हणत नाहीत, ‘वाढवला’ म्हणतात. बांगडी फुटली तर ती ‘वाढवली’, रात्री दुकान बंद केले तर ते ‘वाढवले’. अशुभ वाटणारे क्रियापद टाळण्याची ही आपली रीत आहे. नारळाच्या बाबतीत मात्र शब्द अक्षरशः खराही ठरतो, कारण एकाची दोन भकले होतात आणि त्यांचे तुकडे दहा हातांत जातात. कोकणात देवळात गाऱ्हाणे घालताना आधी अख्खा नारळ देवापुढे ठेवतात, गाऱ्हाणे पुरे झाल्यावर तो वाढवतात, आणि बहुतेक ठिकाणी एक भकल देवाकडे राहून दुसरे नारळ आणणाऱ्याच्या हाती परत येते. मागणे मागताना बंद आणि वाटताना उघडा, असे दोन्ही अर्थ एकाच नारळात इथे दिसतात.

तीन डोळ्यांविषयीही दोन वाक्ये. नारळाच्या फुलातला अंडाशय तीन भागांचा असतो आणि हे तीन डोळे त्या तीन भागांच्या खुणा आहेत. तिन्हींपैकी एकच डोळा मऊ असतो, त्याच्याखाली गर्भांकुर असतो आणि कोंब तिथूनच बाहेर येतो. उरलेले दोन बंद. पाणी पिण्यासाठी नारळाला भोक पाडायचे असेल तर टोचून पाहा, कोणता डोळा जिवंत आहे ते लगेच कळेल. त्यात कुणाला शंकराचे त्रिनेत्र दिसले तर हरकत नाही, फक्त डोळे त्यासाठी आलेले नाहीत.

बायकांच्या विधानावर फार वेळ घालवायची गरज नाही. ज्या घरात रोज आमटीला, सोलकढीला आणि उसळीला नारळ लागतो, त्या घरात तो बहुधा बाईच फोडते: डाव्या हातात धरून, कोयत्याच्या पाठीने मधोमध ठोके देत, थोडा थोडा फिरवत. तोच नारळ, तोच हात आणि तोच आवाज. स्वयंपाकघरात निर्धोक असलेले काम देवघराच्या उंबऱ्यावर गर्भाला कसे घातक ठरते, हे त्या निरोपाने सांगितलेले नाही. काही घरांत पुरुषानेच नारळ वाढवायची रीत आहे. ती रीत म्हणून सांगावी, तिला वैद्यकाचा आधार जोडू नये.

राहिला नासका नारळ. यावर थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण या एका समजुतीमुळे घरातले मोठे लोकही पूजेच्या दिवशी चेहरा पाडून बसतात. असे समजा की गणेशचतुर्थीसाठी आठवडाभर आधी नारळ घेतला. तो माडावरून उतरवताना किंवा पोत्यात आदळताना करवंटीला केसाएवढी चीर गेली होती. नीट दिसावा म्हणून दुकानदाराने शेंडी पार खरवडून काढली होती. डोळ्यांवरचे नैसर्गिक झाकण तेच असते, ते गेल्यामुळे मऊ डोळा उघडा पडला. घरी आणल्यावर तो भाद्रपदाच्या दमट हवेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवला. चिरेतून आणि डोळ्यातून जंतू व बुरशी आत शिरली, गोड पाणी आणि स्निग्ध खोबरे त्यांना आयते मिळाले, आणि चतुर्थीला नारळ वाढवला तेव्हा आंबूस वास आला व खोबरे काळपट, बुळबुळीत निघाले. यात कोप कुठे आहे? शेजारच्या घरात त्याच पोत्यातला, पण शेंडीसह टोपलीत मोकळा ठेवलेला नारळ पांढराशुभ्र निघू शकतो.

याच्या उलट, नारळात मोड निघाला की तेच लोक “देवाने फूल दिले” म्हणून आनंदतात. तो पांढरा, भुसभुशीत, गोडसर गोळा म्हणजे रुजू लागलेल्या रोपाचा अन्न शोषून घेणारा अवयव. नारळ जुना आणि जिवंत होता, एवढेच त्याचे म्हणणे. अपशकुन जसा साठवणुकीत शोधावा, तसा हा शकुनही नारळाच्या वयात शोधावा.

नारळ घेताना तो कानाशी हलवून पाहावा. पक्क्या नारळात पाणी थोडे कमी होऊन वर पोकळी राहते, म्हणून खळखळ ऐकू येते. शहाळे काठोकाठ भरलेले असल्याने ते वाजत नाही, त्यात दोष नाही. पक्क्या, शेंडीच्या नारळातून मात्र आवाज येत नसेल आणि तो हाताला हलका लागत असेल, तर पाणी गळले किंवा आटले असावे. शेंडी किंचित बाजूला करून डोळे पाहावेत: ओलसर, बुरशी धरलेले किंवा दाबल्यावर आत जाणारे असतील तर तो नारळ परत ठेवावा. घरी तो मोकळ्या हवेत, शेंडीसह ठेवावा. आणि एवढे करूनही ऐन वेळी नासका निघालाच, तर त्याचे पाणी किंवा खोबरे प्रसाद म्हणून चाखू नये, तो बाजूला ठेवून दुसरा वाढवावा. देवळातले गुरव तेच करतात, म्हणून पूजेला जाताना पिशवीत एक नारळ जास्तीचा असलेला बरा.