दोन मिनिटांचं भाषण आणि चार ओळींचा माणूस

काल गणिताच्या सरांचा निरोप समारंभ झाला. त्यांची जन्मतारीख 1 जून, म्हणजे दाखल्यांची सर्वांत लाडकी तारीख. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणजे 31 मे. तेव्हा शाळेला सुट्टी, म्हणून निरोप एप्रिलमध्येच, पत्र्याच्या शेडखाली. दहावीवाले परीक्षा देऊन पांगलेले, त्यामुळे भेट देताना बोलायचं नववीतल्या मुलीनं, आणि ते भाषण बसवायचं मी.

पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं, ‘सर फार प्रेमळ होते. त्यांचा स्वभाव शांत होता.’ आणि सर पहिल्या रांगेत हार घालून बसणार! मुलं निरोपाची आणि शोकसभेची वाक्यं एकाच वहीतून उतरवतात, हा आमच्याकडचा जुना रोग. उपाय सोपा आहे. स्वभाव वर्तमानकाळात ठेवायचा, भूतकाळ फक्त घडलेल्या गोष्टीला. ‘सर आपल्याला सोडून चालले’ खोडून ‘जूनपासून गणिताच्या तासाला तुम्ही नसाल’ केलं. ‘अध्यक्ष महोदय, गुरुजनवर्ग’ही कापलं, कारण मुलांच्या तोंडी दोन मिनिटांत जेमतेम दोनशे शब्द मावतात आणि त्यातले वीस सलामीतच जातात. उरला एकच किस्सा: सर फळ्यावर हातानं वर्तुळ काढतात आणि मग दोरीनं मोजून स्वतःचीच चूक दाखवतात. त्यावरून भेट ठरली, फळ्यावरचा मोठा लाकडी कंपास. भिंतीवरचं घड्याळ नाही. सरांना आधीच तीन मिळाली होती. आधी किस्सा, मग कंपास. हा क्रम उलटला तर कंपास नुसतं लाकूड.

सूत्रसंचालन आमच्या एका सहकाऱ्याकडे. प्रत्येक वक्त्याआधी चार ओळी म्हटल्याशिवाय यांना माईक सोडवत नाही.

“मॅडम, तो वर्तुळाचा किस्सा झकास आहे हो. प्रस्तावनेत घेऊ का?”

“अहो, तो तिच्या भाषणात आहे.”

“म्हणूनच तर! वातावरणनिर्मिती होईल.”

“आणि मग ती काय बोलेल?”

“ती दुजोरा देईल ना!”

आणि त्यांनी सांगितला. हातवाऱ्यांसकट, दोरीऐवजी स्वतःचा मफलर घेऊन. एप्रिलमध्ये मफलर! लोक हसले. भेटीचं नावही त्यांनीच फोडलं. पोरगी उभी राहिली, कागदाकडे पाहिलं आणि म्हणाली, “सर, आत्ता सरांनी सांगितलं तसं…” पुढे सेलोफेनचा चुरचुर आवाज माईकमध्ये. कागद काढून भेट आणा, असं मी दोनदा बजावलं होतं. पन्नास सेकंदांत ती खाली. तिच्या तीन दिवसांच्या तालमीवर मफलर फिरला होता, आणि यांनी लगेच माईक धरला: “वा! यावरून मला चार ओळी आठवतात…”

कार्यक्रम चाळीस मिनिटं लांबला. चहाच्या वेळी मुख्याध्यापक माझ्याजवळ येऊन म्हणाले, “मॅडम, पुढच्या वेळी मुलांची भाषणं जरा आवरती घ्या.”